न टोचलेल्या इंजेक्शनचा अहवाल

इन्सुलिन आपल्याकडे मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. एका प्रकारच्या बाटलीत दर मिलिलिटरला ४० युनिट औषध असतं, दुसऱ्या प्रकारात दर मिलिलिटरला १००. सिरिंजही त्याप्रमाणे दोन. ४० च्या बाटलीसाठी लाल टोपणाची, १०० च्या बाटलीसाठी केशरी टोपणाची. या सिरिंजवरच्या रेघा मिलिलिटरच्या नसतात, थेट युनिटच्या असतात. डॉक्टरांनी २४ युनिट लिहिले की २४ च्या रेघेपर्यंत औषध ओढायचं, हिशेब करत बसायचं कारण नाही. मात्र त्यासाठी बाटली आणि सिरिंज एकमेकींच्या जोडीतल्याच हव्यात. १०० च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २४ च्या रेघेपर्यंत भरलं, तर आत २४ नव्हे, ६० युनिट येतात. म्हणजे अडीच पट.

पुष्कळ देशांनी ४० ची ताकद केव्हाच मोडीत काढली आणि सगळं नेहमीचं इन्सुलिन १०० वर आणलं. भारतात स्वस्त मानवी इन्सुलिनच्या बाटल्या प्रामुख्याने ४० च्या राहिल्या, आणि पेनमधली कार्ट्रिज व ग्लार्जिनसारखी नवी इन्सुलिनं १०० ची आली. त्यामुळे एकाच घरात, एकाच वॉर्डात, कधी एकाच फ्रिजमध्ये दोन्ही प्रकार नांदतात. दोन्हीकडचं द्रव पाण्यासारखं स्वच्छ असू शकतं. नुसतं बघून ताकद ओळखता येत नाही.

चूक घडली, पण रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी थांबली, अशा प्रसंगाला रुग्णालयात ‘नियर मिस’ म्हणतात. इजा कुणालाच झालेली नसते, त्यामुळे त्याची वाच्यता बहुधा होत नाही. जिथे नोंदवायची पद्धत आहे तिथे एक फॉर्म भरला जातो, त्याला सगळे ‘इन्सिडंट रिपोर्ट’ म्हणतात. तो कसा लिहायचा, त्यात काय यावं आणि काय येऊ नये, हे एका नमुन्यावरून पाहू. पुढचा प्रसंग कोणत्याही एका रुग्णालयात घडलेला नाही. अशा घटनांत जे तपशील पुन्हा पुन्हा आढळतात, त्यांतून तो समजावण्यासाठी रचला आहे. त्यातला औषधाचा हिशेब मात्र तंतोतंत खरा आहे.

अहवाल

रुग्ण: पुरुष, वय ६२, मधुमेह. पायाच्या जखमेतील संसर्गासाठी दाखल, दुसरा दिवस. ड्रग चार्टवरील आदेश: इन्सुलिन ग्लार्जिन, २४ युनिट, त्वचेखाली, रात्री १० वाजता.

दुपारी ४.०० – रुग्णालयाच्या फार्मसीत ग्लार्जिन शिल्लक नव्हते. रुग्णाची घरची बाटली वापरण्यास निवासी डॉक्टरांनी संमती दिली. नातेवाइकांनी बाटली आणून दिली. सिरिंज आणली नाही. बाटली वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवण्यात आली.

रात्री ९.१० – औषधांची फेरी सुरू झाली. वॉर्डात २२ रुग्ण व २ परिचारिका होत्या.

रात्री ९.३५ – रुग्णाची रक्तशर्करा १६८.

रात्री ९.५० – परिचारिका अ यांनी फ्रिजमधून बाटली घेतली. लेबलवर १०० युनिट प्रति मिलिलिटर असे छापलेले आहे. ट्रॉलीच्या कप्प्यातून इन्सुलिनची सिरिंज घेतली. टोपण लाल होते. २४ च्या रेघेपर्यंत औषध भरले.

रात्री ९.५२ – परिचारिका ब यांनी तपासणी केली. चार्टवरील आकडा व सिरिंजवरील रेघ पाहिली. दोन्ही २४. दोघींनी चार्टवर सही केली.

रात्री ९.५५ – रुग्णाशेजारी बसलेली मुलगी म्हणाली, “सिस्टर, बाबांची घरची सिरिंज केशरी टोपणाची असते. आणि औषध एवढं भरत नाही.” परिचारिका अ यांनी इंजेक्शन दिले नाही. बाटलीचे लेबल व सिरिंजवरील छपाई पुन्हा वाचली.

रात्री ९.५८ – भरलेली सिरिंज ट्रेमध्ये बाजूला ठेवली. निवासी डॉक्टरांना फोन केला. चार्टवरील सह्यांपुढे ‘डोस दिला नाही’ अशी नोंद केली.

रात्री १०.२० – फार्मसीतून केशरी टोपणाची सिरिंज आली. डोस नव्याने भरून, तपासून १०.२५ ला देण्यात आला.

सकाळी ६.०० – रक्तशर्करा १२४. रुग्णास त्रास नाही. घडलेली गोष्ट रुग्णास व मुलीस सांगण्यात आली.

सिरिंजमधील औषध: ०.६ मिलिलिटर, म्हणजे ६० युनिट. आदेशाप्रमाणे हवे होते: ०.२४ मिलिलिटर, म्हणजे २४ युनिट.

या अहवालात काय नाही

अहवाल इथे संपतो. त्यात कुणाचं नाव नाही. घटनेचा अभ्यास करताना नावापेक्षा त्या व्यक्तीचं काम कळणं पुरेसं असतं. ‘निष्काळजीपणे’, ‘घाईघाईत’, ‘दुर्लक्ष करून’ असा एकही शब्द नाही, कारण हे सगळे लिहिणाऱ्याचे निष्कर्ष आहेत. ‘लेबल नीट वाचायला हवं होतं’ असंही वाक्य नाही. काय व्हायला हवं होतं ही त्या रात्री घडलेली घटना नव्हे. अहवालाने घडलं तेवढंच सांगायचं असतं.

याच प्रसंगाचा दुसऱ्या धाटणीचा अहवाल कसा असतो, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ठाऊक आहे: ‘रात्रपाळीतील परिचारिकेने निष्काळजीपणे चुकीच्या सिरिंजमध्ये औषध भरले. संबंधितांना समज देण्यात आली असून यापुढे दक्षता घेण्याच्या सूचना दिल्या आहेत.’ दोन वाक्यांत प्रकरण मिटलं. पण किती युनिट भरले गेले? चुकीची म्हणजे कोणती सिरिंज? ती ट्रॉलीत कुठून आली? केशरी सिरिंज त्या वॉर्डात होती का? दुसऱ्या तपासणीत काय झालं? यातलं काहीच कळत नाही. समज मिळालेली परिचारिका महिनाभर दक्ष राहील. ट्रॉलीचा तो कप्पा मात्र दुसऱ्या रात्री, दुसऱ्या परिचारिकेच्या हाती तसाच लागेल.

दोषारोप टाळायचा तो दयेपोटी नव्हे. दोष ठरला की चौकशी तिथेच थांबते, आणि उपयोगाची माहिती नेमकी त्याच्या पुढे असते.

मात्र दोष न देणं म्हणजे गैरसोयीच्या गोष्टी गाळणंही नव्हे. इंजेक्शन देण्याआधीच चार्टवर सह्या झाल्या होत्या. औषध देऊन झाल्यावर सही करायची असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. सौम्य लिहिण्याच्या नादात हा तपशील वगळला असता, तर अहवाल खोटा ठरला असता. तो वेळेसह, विशेषणाशिवाय नोंदला गेला आहे. सही आधी का झाली, हा प्रश्न त्यामुळे पुढच्या चौकशीत विचारता येतो. उत्तर असं निघू शकतं, की चार्टची फाइल नर्सिंग स्टेशनवर असते, रुग्ण वॉर्डच्या टोकाला असतो, आणि २२ रुग्णांच्या फेरीत प्रत्येक इंजेक्शननंतर परत येऊन सही करणं जमत नाही. मग सगळ्याच परिचारिका आधी सही करतात, आणि नियम कागदावर राहतो. अशी रूढ झालेली सवय एकट्या परिचारिका अ यांच्या नावावर टाकली, तर ती तशीच चालू राहते.

आणखी एक छोटी नोंद महत्त्वाची आहे. भरलेली सिरिंज टाकून न देता ट्रेमध्ये बाजूला ठेवली गेली. त्यामुळे आत नेमकं किती औषध होतं हे मोजता आलं. भीतीच्या वातावरणात सिरिंज सर्वांत आधी कचऱ्यात जाते, आणि मग अहवालात ‘सुमारे’, ‘बहुधा’ असे शब्द येऊ लागतात.

त्या क्षणी समोर काय होतं

चौकशी करणाऱ्याने परिचारिका अ यांना ‘लेबल का वाचलं नाही?’ असं विचारलं, तर उत्तरादाखल माफी मिळेल. ‘बाटली हातात घेतल्यावर काय काय पाहिलं?’ असं विचारलं, तर माहिती मिळेल. त्यांनी लेबल पाहिलं होतं. औषधाचं नाव चार्टशी जुळवलं, मुदत पाहिली, रुग्णाचं नाव पाहिलं. ताकद पाहिली नाही, कारण या वॉर्डात आजवर आलेली इन्सुलिनची प्रत्येक बाटली ४० चीच होती. जी गोष्ट कधी बदललेली नाही, ती माणूस प्रत्येक वेळी तपासत नाही. हे कुणा एकीचं वैगुण्य नाही, अनुभवी माणसाचं लक्ष असंच काम करतं.

घटना घडून गेल्यावर वाचणाऱ्याला शेवट आधीच माहीत असतो. त्याला लाल टोपण ठळक दिसतं, लेबलवरचे १०० ठळक दिसतात. रात्री पावणेदहाला, फेरीतल्या चौदाव्या रुग्णापाशी, ते दोन तपशील बाकीच्या पन्नास तपशिलांइतकेच फिके होते. चांगला चौकशी करणारा म्हणून एक कसोटी लावतो. त्या जागी तेवढंच शिक्षण आणि तेवढाच अनुभव असलेली दुसरी परिचारिका असती, तर तिच्याही हातून हेच झालं असतं का? वॉर्डातल्या चार-पाच जणींना विचारलं आणि बहुतेकींनी ‘हो, मीही तीच सिरिंज घेतली असती’ असं सांगितलं, तर उत्तर व्यक्तीत नाही, व्यवस्थेत शोधायचं.

मग कप्प्याकडे वळावं लागतं. ट्रॉलीत फक्त लाल टोपणाच्या सिरिंज होत्या. का? स्टोअरच्या मागणीपत्रकात ‘इन्सुलिन सिरिंज’ अशी एकच ओळ आहे. ताकद लिहायला जागाच नाही. वर्षानुवर्षं ४० चीच बाटली येत असल्याने लाल सिरिंज येत राहिल्या आणि कुणाचं अडलं नाही. घरची बाटली वापरायला संमती दिली गेली तेव्हा १०० ची बाटली प्रथमच वॉर्डात शिरली, पण तिच्यासोबत तिची सिरिंज आली नाही. फार्मसीतून येणाऱ्या औषधावर फार्मासिस्टची एक नजर पडते. घरून येणारं औषध त्या वाटेने येत नाही, म्हणून तीही गाळणी नव्हती. चार्टवर औषधाचं नाव आणि युनिट लिहायची जागा आहे, ताकदीचा रकाना नाही.

दुसऱ्या तपासणीचं काय? इन्सुलिन हे जगभर ‘हाय अलर्ट’ म्हणजे चुकल्यास जास्त घात करणाऱ्या औषधांत मोडतं, म्हणून अनेक रुग्णालयांत ते दोघींनी तपासायचा दंडक असतो. इथे तो पाळला गेला, तरी चूक निसटली. परिचारिका ब यांच्यापुढे भरलेली सिरिंज आली, तोंडी ‘चोवीस’ असा आकडा आला, आणि चार्टवरही २४ दिसले. दोन्ही जुळले. गणित सोडवून पाहणं वेगळं आणि शेजारणीचं उत्तर बघून मान डोलावणं वेगळं. खरी तपासणी करायची तर दुसरीने आधी चार्ट वाचायचा, मग बाटलीवरची ताकद मोठ्याने वाचायची, मग सिरिंजवर छापलेली ताकद वाचायची, आणि या दोन्ही सारख्या असतील तरच रेघेकडे पाहायचं. आकडा पहिलीने आधी उच्चारायचा नाही. असं झालं असतं तर ‘बाटली शंभर, सिरिंज चाळीस’ ही विसंगती दुसऱ्याच पायरीवर कानांना खटकली असती.

अडथळा की योगायोग?

नियर मिसच्या अहवालातला सर्वांत मोलाचा प्रश्न म्हणजे, चूक थांबवली कशाने? इथे उत्तर अवघड वाटेल असं आहे. चूक थांबवली ती रुग्णालयाच्या कोणत्याही व्यवस्थेने नव्हे. मुलगी त्या वेळी शेजारी होती, तिला घरची सिरिंज आठवत होती, आणि तिने बोलायचं धाडस केलं. परिचारिका अ यांनी ‘आम्हाला कळतं’ असं न म्हणता हात थांबवला, तेही तितकंच मोठं. पण ती खाली चहा आणायला गेली असती, किंवा रुग्णाजवळ कुणी नसतंच, तर पुढे आणखी एकही अडथळा शिल्लक नव्हता. म्हणून अहवालात ‘रुग्णालयाच्या दक्षतेमुळे चूक टळली’ असं लिहिणं खोटं ठरेल. ‘नातेवाइकाने लक्षात आणून दिले’ असंच लिहायचं. त्यावरून कळतं, की व्यवस्थेचे सगळे अडथळे ओलांडून चूक सुईच्या टोकापर्यंत आली होती.

६० युनिट टोचले गेले असते तर? ग्लार्जिन हळूहळू रक्तात उतरतं आणि त्याचा परिणाम जवळजवळ दिवसभर टिकतो. लगेच काही दिसलं नसतं. साखर मध्यरात्रीनंतर, रुग्ण झोपेत असताना, उतरत गेली असती. रक्तशर्करा ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात, ५४ च्या खाली ती गंभीर बाब होते. घाम, थरथर, धडधड, गोंधळ ही लक्षणं झोपलेल्या माणसात सहज नजरेआड होतात, आणि पुढची साखर तपासणी सकाळी ६ ची होती. ग्लुकोज देऊन एकदा साखर वर आणली तरी औषधाचा अंमल चालूच राहतो. त्यामुळे पुढचे कित्येक तास दर थोड्या वेळाने तपासत राहावं लागतं.

अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय समन्वय परिषदेने औषधांच्या चुकांसाठी ए ते आय अशा नऊ पायऱ्या ठरवल्या आहेत आणि त्या जगभर वापरल्या जातात. ए म्हणजे चूक होण्यासारखी परिस्थिती, बी म्हणजे चूक झाली पण रुग्णापर्यंत पोहोचली नाही, सी म्हणजे पोहोचली पण इजा झाली नाही, आणि असं करत आय म्हणजे मृत्यू. आपली घटना बी मध्ये मोडते. गफलत होते ती इथे. बी वाचून ‘किरकोळ’ असा शिक्का बसतो. ही पायरी घडलेल्या परिणामाची आहे, धोक्याच्या आकाराची नाही. म्हणून चांगल्या फॉर्मवर दोन वेगळे प्रश्न असतात: प्रत्यक्ष काय झालं, आणि चूक थांबली नसती तर काय होऊ शकलं असतं. इथे पहिल्याचं उत्तर ‘काही नाही’, दुसऱ्याचं ‘गंभीर’.

हीच गफलत उलट दिशेनेही होते, आणि ती ओळखणं आणखी कठीण असतं. ४० च्या बाटलीतलं औषध केशरी सिरिंजमध्ये २४ च्या रेघेपर्यंत भरलं, तर रुग्णाला जेमतेम ९.६ युनिट मिळतात. रुग्ण कोसळत नाही, त्याची साखर नुसती चढी राहते. ‘औषध लागू पडत नाही’ असं समजून डॉक्टर डोस वाढवतात. पुढे कधी कुणाच्या हाती योग्य सिरिंज आली, की तो वाढवलेला डोस पहिल्यांदाच पूर्ण पोटात जातो आणि साखर एकदम खाली येते. त्या दिवशी सिरिंज बरोबर वापरणारी व्यक्तीच दोषी दिसू लागते. डोस वाढवूनही साखर न हलणाऱ्या रुग्णाची बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी ठेवून पाहावी, ती यासाठीच.

उपाय कोणता लिहायचा

अहवालाच्या शेवटी ‘सुधारणा’ असा रकाना असतो. त्यात सर्वांत जास्त वेळा लिहिलं जातं ते ‘कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले’. हा उपाय दुबळा आहे. वॉर्डातल्या मुली बदलतात, नव्या येतात, आणि थकलेल्या माणसाला प्रशिक्षण आठवत नाही. भिंतीवरचं पोस्टर चार दिवसांत भिंतीचा भाग होऊन जातं. ‘दोघींनी काळजीपूर्वक तपासावे’ ही सूचना तर इथे आधीपासूनच होती.

जो उपाय कुणाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नसतो तो पक्का. या प्रसंगात तसे तीन शक्य आहेत. पहिला, बाटली कधीही एकटी द्यायची नाही. फार्मसीतून निघताना बाटली आणि तिच्याच ताकदीच्या सिरिंज एका पाकिटात, रुग्णाच्या नावाने निघाव्यात. घरून आलेली बाटलीही आधी फार्मसीत जाऊन त्याच पाकिटातून वॉर्डात यावी. दुसरा, ट्रॉलीच्या कप्प्यातल्या सुट्या इन्सुलिन सिरिंज काढून टाकायच्या. सुटी सिरिंज हाताला लागतच नसेल, तर चुकीची जोडी जमणार नाही. तिसरा, मागणीपत्रकात ‘इन्सुलिन सिरिंज’ या ओळीच्या जागी ताकदीसह दोन ओळी करायच्या.

सगळं इन्सुलिन पेनने द्यावं, म्हणजे सिरिंजचा प्रश्नच मिटेल, असं कुणी सुचवेल. पेनमध्ये युनिट फिरवून ठरवता येतात, हे खरं. पण पेनलाही वाटा फुटतात. पेनच्या सुया संपल्या, की वॉर्डात कुणीतरी सिरिंजनेच कार्ट्रिजमधून औषध ओढतं, आणि कार्ट्रिज १०० ची किंवा त्याहूनही जास्त ताकदीची असते. ब्रिटनच्या आरोग्य सेवेने नोव्हेंबर २०१६ मध्ये नेमका याच सवयीविरुद्ध इशारा काढला होता. शिवाय एक पेन दोन रुग्णांना, सुई बदलूनही, वापरायचं नसतं. प्रत्येकाला स्वतंत्र पेन देण्याचा खर्च प्रत्येक रुग्णालयाला पेलतोच असं नाही. उपाय लिहिताना त्याने कोणती नवी चूक शक्य होईल, हेही त्याच कागदावर लिहायला हवं.

दुसऱ्यांना कळण्यासाठी

अशा ‘काहीच न झालेल्या’ घटना लिहून ठेवण्याचं महत्त्व विमानवाहतुकीला फार महागात पडून कळलं. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळ उतरताना व्हर्जिनियातल्या एका डोंगरावर आदळलं आणि आतले सर्व ९२ जण गेले. उतरण्याच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला होता, नियंत्रकांना दुसरा अभिप्रेत होता. चौकशीत निघालं, की साधारण सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचं एक विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी ते कंपनीला कळवलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ती गोष्ट पोहोचायची वाटच नव्हती.

त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत घटना कळवण्याची राष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली. ती चालवायला दिली नासाकडे, म्हणजे दंड करण्याचा अधिकार नसलेल्या संस्थेकडे. कळवणाऱ्याची ओळख पुसली जाते. नियमभंग जाणूनबुजून केलेला नसेल आणि दहा दिवसांत कळवला असेल, तर दंडातून सूट मिळते. गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात या सवलतीत बसत नाहीत.

रुग्णालयातही ही सीमारेषा तशीच आखावी लागते. नशेत काम करणं, जाणूनबुजून इजा करणं, घडलेलं लपवणं, नोंदी बदलणं, यांची वाट वेगळी. त्यांना इन्सिडंट रिपोर्टचं संरक्षण नसतं. बाकी सगळ्या बाबतीत, स्वतःहून लिहिलेला अहवाल त्या व्यक्तीच्या विरुद्ध वापरला जाणार नाही, हे व्यवस्थापनाने कृतीने दाखवावं लागतं. एका परिचारिकेला अहवालावरून मेमो मिळाला, की त्या मजल्यावरचे पुढचे सगळे अहवाल बंद होतात. भारतात रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत औषधांच्या चुका आणि नियर मिस नोंदवणं अपेक्षित आहे. पण फॉर्मचा गठ्ठा ठेवल्याने लिहिणारा हात धजावत नाही.

म्हणून अहवालांच्या संख्येचा अर्थ लावताना सावध राहावं. ज्या वॉर्डातून महिन्याला आठ-दहा नियर मिस येतात, तो धोकादायक आणि जिथून शून्य येतात तो सुरक्षित, असं समजणं बहुधा उलटं ठरतं. २२ रुग्णांना दिवसातून तीन-चार वेळा औषधं देणाऱ्या वॉर्डात महिनाभर काहीच निसटलं नाही, हे संभवत नाही. तिथे निसटलेलं लिहिलं जात नाही, एवढाच त्या शून्याचा अर्थ.

आपला अहवाल उपयोगी पडला की नाही, हे तीन महिन्यांनी तपासता येतं. ट्रॉलीत सुटी सिरिंज सापडते का? मागणीपत्रकावर दोन ओळी झाल्या का? घरून आलेली बाटली फार्मसीत जाऊन येते का? रात्रपाळीतल्या नव्या मुलीने, ज्या मुलीने हा अहवाल वाचलेलाही नाही, १०० ची बाटली मागवली तर तिच्या हातात आपोआप केशरी सिरिंज पडते का? या चारही प्रश्नांची उत्तरं परिचारिका अ यांना लेखी कळवायची असतात. अहवाल लिहून काय झालं हे ज्यांना कधीच कळत नाही, त्या पुढचा अहवाल लिहीत नाहीत.